राजीनाम्यात फिरवायचे शब्द आणि न फिरवायचे शब्द

*प्रश्न : मी अंबाजोगाईजवळच्या एका अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवते. कायम होऊन अकरा आणि एकूण १४ वर्षं नोकरी झाली. मस्कतच्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत माझी निवड झाली आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं आहे. राजीनामा लिहायला बसले की ‘सोडणे’, ‘संधी’ आणि ‘आभार’ हेच तीन शब्द फिरून फिरून येतात. वेगळे, चांगले शब्द सुचवाल का? माझा मसुदा असा : ‘मा. मुख्याध्यापक, मला परदेशात सुवर्णसंधी प्राप्त झाल्याने मी आपल्या शाळेचा निरोप घेऊ इच्छिते. येथे वाव कमी असल्याने ही संधी सोडणे शक्य नाही. तरी मला लवकरात लवकर मुक्त करावे. एम.एस्सी.च्या परीक्षेला आपण रजा दिली, ते आपले उपकार मी कधीही विसरणार नाही. आपली आभारी राहीन.’*

मॅडम, शब्द सुचवतो. पण मसुदा दोनदा वाचला आणि पहिल्यांदा जाणवलं ते वेगळंच. तेच तेच शब्द येतात ही अडचण किरकोळ आहे. मोठी अडचण अशी की ज्या एका शब्दाची या कागदाला गरज आहे, तो ‘राजीनामा’ हा शब्द त्यात कुठेच नाही. निरोप आहे, मुक्ती आहे, सोडणं आहे, आणि शेवटी ‘इच्छिते’ आहे. म्हणजे अजून नुसती इच्छाच.

मी बीड जिल्ह्यात एका संस्थेच्या शाळेत शिक्षक होतो, नंतर मुख्याध्यापक झालो. हे कागद लिहिलेही आहेत आणि टेबलाच्या पलीकडे बसून घेतलेही आहेत. खालचं सगळं खासगी मान्यताप्राप्त शाळांबद्दल आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे नियम वेगळे. तुमची नोकरी २०१२ च्या आसपासची दिसते, म्हणून जुन्या पेन्शनचा प्रश्न तुम्हाला येत नाही. पण हे वाचणारं कोणी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेलं असेल तर त्यांनी इथेच थांबावं. त्यांच्या बाबतीत ‘राजीनामा’ या शब्दानं मागची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून जाऊ शकते. वीस वर्षं पात्र सेवा भरली असेल तर त्यांनी ‘स्वेच्छानिवृत्ती’ मागावी. गोष्ट एकच वाटते, पण एका शब्दानं आयुष्याची मिळकत इकडची तिकडे होते.

आता शब्दांकडे येऊ. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. नोकरी सोडण्याच्या कागदाला ते शेवटपर्यंत ‘इस्तिफा’ म्हणायचे, आणि आम्ही ‘राजीनामा’ म्हटलं की हसायचे. त्यांच्या लेखी राजीनामा म्हणजे कोर्टातली तडजोड, दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मराठीत मात्र जुन्या महसुली कागदांतसुद्धा जमिनीवरचा हक्क सोडणारा ‘राजीनामा’ द्यायचा आणि ती घेणारा ‘कबुलायत’. आपला हक्क आपण होऊन, राजीखुशीनं सोडणं, हा अर्थ या शब्दात पक्का बसला आहे. म्हणून त्याला पर्याय शोधू नका. ‘पदत्याग’ मंत्र्याला शोभतो. ‘सेवामुक्त’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, संस्थेनं काढून टाकलं. ‘निरोप’ घ्यायला गॅदरिंगचं स्टेज आहे. आणि ‘शाळा सोडणे’ म्हटलं की आमच्या लिपिकाचा हात सवयीनं दाखल्याच्या पुस्तकाकडे जायचा. शाळा सोडतात ती मुलं.

याची किंमत मोजलेला एक माणूस मी जवळून पाहिला आहे. आमच्याच भागातल्या एका शाळेतले सर आखाती देशात निघाले. त्यांनी लिहिलं, ‘माझी सेवा थांबवू इच्छितो, तरी मला मोकळे करावे.’ संस्थेनं तो कागद बिनपगारी रजेचा अर्ज समजून फाइलला लावला. मुद्दाम की अजाणता, देव जाणे. सर विमानात बसले. दोन महिन्यांनी घरी पत्र आलं, विनापरवाना गैरहजर असल्याबद्दल खुलासा करा. तिकडची शाळा कार्यमुक्तीचं पत्र मागत होती, इकडची म्हणत होती तुम्ही राजीनामा दिलाच नाही. निस्तरायला जवळजवळ वर्ष गेलं. त्यांच्या पत्रात शब्दांचं वैविध्य भरपूर होतं, हेही सांगतो.

शब्दाइतकंच क्रियापद महत्त्वाचं. ‘राजीनामा देऊ इच्छिते’ म्हणजे विचार चालू आहे. ‘राजीनामा देणार आहे’ म्हणजे अजून दिला नाही. ‘राजीनामा देत आहे’ म्हणजे दिला. हेच तिसरं लिहायचं, एकदाच, आणि पदासकट : ‘सहशिक्षिका या पदाचा राजीनामा देत आहे.’ त्यानंतर सोडण्यासाठी दुसरा एकच शब्द लागतो, ‘कार्यमुक्त’. राजीनामा तुमच्याकडून जातो, कार्यमुक्ती त्यांच्याकडून येते. दोन वेगळ्या क्रिया, म्हणून दोन शब्द. कार्यमुक्तीला तारीख हवी आणि वेळही हवी. कार्यालयात ‘मध्यान्होत्तर’ लिहितात, म्हणजे त्या दिवसाचं काम करून. ‘लवकरात लवकर’ या शब्दांत तारीख नसते, म्हणून ते काढून टाका.

तारीख कशी काढायची ते सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची नियमावली १९८१ ची आहे. तिच्या ४० व्या नियमाप्रमाणे कायम कर्मचाऱ्यानं तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्यानं एका महिन्याची. पुढची अट फारशी कोणाला ठाऊक नसते. ज्याला दीर्घ सुट्टी मिळते, म्हणजे आपल्याला, त्यानं सुट्टीत नोटीस द्यायची नाही, आणि सुट्टीचा कोणताही भाग नोटिशीच्या मुदतीत येता कामा नये. पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभरही नोटीस देता येत नाही. आता कॅलेंडर समोर धरा. जूनच्या मध्याला शाळा उघडते, जुलैच्या मध्यापर्यंत दार बंद. तिथून तीन महिने मोजले की ऑक्टोबरचा मध्य येतो आणि दिवाळी दारात उभी असते. दिवाळीनंतरची मोकळी जागा नोव्हेंबर अखेरपासून एप्रिल अखेरपर्यंत. तुम्हाला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मस्कत गाठायचं आहे, तेव्हा १ जानेवारी ते ३१ मार्च ही मुदत अगदी नेमकी बसते. कागद डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेच्या हातात पडला पाहिजे. जानेवारीत हलवलात तर मुदत एप्रिलमध्ये सरकेल.

व्हिसा लवकर आला आणि मार्चमध्येच निघावं लागलं तर? संस्था तुम्हाला लवकर सोडू शकते, पण नोटिशीच्या बदल्यात तुमच्याकडून वेतन भरून घेऊन, भत्ते वगळून. आणि संस्थेनं पैसे न घेता सोडलं तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. म्हणून तोंडी ‘जा हो मॅडम, आम्ही बघतो’ म्हणणारे सचिव लेखी द्यायची वेळ आली की गप्प होतात. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचाही खिसा त्यात अडकलेला असतो.

मसुदा मुख्याध्यापकांच्या नावानं आहे, तेही बदला. तुमची नेमणूक संस्थेनं केली, राजीनामाही संस्थेकडे. ‘मा. सचिव’ लिहून खाली ‘मा. मुख्याध्यापक यांच्यामार्फत’ असं घाला.

‘संधी’ या शब्दात मराठी माणूस उगाच गुंततो. तुमच्या मसुद्यात ती दोनदा आहे, एकदा सोन्याचा मुलामा देऊन. ‘सुवर्णसंधी’ हा शब्द क्लासच्या जाहिरातींनी झिजवला आहे, आणि ‘प्राप्त’ लावल्यानं तो वजनदार होत नाही. पण त्याहून घातक वाक्य आहे ‘येथे वाव कमी असल्याने’. हे तुम्ही सहज लिहिलंत. सचिव मात्र ते तक्रार म्हणून वाचतील. ‘वाव’ हा शब्द असाच आहे, तिकडे वाव आहे म्हटलं की इकडे नाही हे न बोलता बोललं जातं. ‘उज्ज्वल भवितव्य’, ‘प्रगती’, ‘उत्कर्ष’ यांचीही तीच गत. ज्यांच्या सहीनं तुम्हाला अनुभवाचा दाखला घ्यायचा आहे, त्यांच्या शाळेला अंधारी ठरवण्यात काही हशील नाही.

माझा सल्ला, कारण सांगताना संधी हा शब्दच टाळा. घडलेली गोष्ट सांगा : ‘माझी निवड झाली आहे.’ निवड ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कोणाला मत देता येत नाही. देशाचं नाव लिहा. पगार लिहू नका, विचारला तरी. मग संधी हा शब्द हाताशी शिल्लक राहतो, तो खर्च करा जुन्या शाळेवर. ‘दहावीच्या वर्गाला शिकवण्याची संधी मला या शाळेने दिली.’ एकदम सूर बदलतो बघा. जी गोष्ट बाहेर मिळाली असं तुम्ही म्हणत होता, ती इथेच मिळाली होती असं वाक्य म्हणतं. आणि ते खरंही असतं. मस्कतच्या लोकांनी तुमची निवड केली ती या अनुभवावरच.

‘योग आला’ हा छान शब्द आहे, पण तो निरोपाच्या भाषणात. आपल्याकडचा ‘मोका’ स्टाफरूममध्ये चालतो, ‘मोका भेटला, चालले.’ कागदावर तो उडाणटप्पू दिसतो.

परदेशी जाण्याच्या शब्दांतही एक जागा जपून. पुष्कळ जण ‘स्थलांतर करत आहे’ लिहितात. पुण्या-मुंबईत चालत असेल. आपल्या जिल्ह्यात स्थलांतर म्हटलं की डोळ्यांपुढे दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघालेली बिऱ्हाडं येतात, आणि त्यांच्या मुलांसाठी आपणच शाळेत हंगामी वसतिगृहाच्या याद्या केलेल्या असतात. त्या शब्दाला तिथेच राहू द्या. ‘स्थायिक होणार आहे’ तर मुळीच नको. तुमचा करार काही वर्षांचा असेल, उद्या परत यायचं झालं तर स्वतःच्याच सहीखाली कायमची गेल्याचं लिहिलेलं सापडेल. ‘ओमान येथे रुजू होण्यासाठी जात आहे’, इतकं साधं पुरतं.

आता आभार. इथे मात्र शब्द फिरवायला खरोखर जागा आहे, कारण हे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ नाहीत. ‘आभार’ एखाद्या ठरावीक माणसाचे, ठरावीक गोष्टीसाठी. ‘ऋण’ म्हणजे जे फिटणार नाही असं आपण कबूल करतो, म्हणून ते वर्षानुवर्षांच्या गोष्टीला. ‘कृतज्ञ’ हा मनाचा भाव, तो संपूर्ण शाळेबद्दल असू शकतो. ‘धन्यवाद’ पाणी दिल्यावर म्हणतात, चौदा वर्षांना तो पुरत नाही. आणि ‘उपकार’ तुमच्या मसुद्यातून आज काढा. शिक्षकाचा पगार, रजा, बढती हे कोणाचे उपकार नसतात. आपल्याकडच्या काही संस्थांत नेमणूक म्हणजे मेहेरबानी असं समजणारी माणसं अजून आहेत, त्यांना तो शब्द फार आवडतो. मी सहीसाठी आलेल्या एका राजीनाम्यात ‘आपल्या अनंत उपकारांखाली’ असं वाचलं होतं. त्या मुलाला समोर बसवून ते वाक्य खोडायला लावलं. आमच्या संस्थेतल्या एकाला ते कळलं आणि तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

तुमचं शेवटचं वाक्य, ‘आपली आभारी राहीन’. भविष्यकाळातला हा आभार विनंतीचा असतो. काम करून द्या, मग आभारी राहीन. झालेल्या गोष्टीसाठी ‘आभारी आहे’. इतक्या वर्षांच्या शेवटी ‘राहीन’ लिहिलं की सगळी कृतज्ञता दाखल्यासाठी चाललेली आर्जवं वाटते.

आणि आभाराला वस्तू हवी. तुमच्या मसुद्यात ती आहे, फक्त उपकाराच्या खाली दबली आहे : एम.एस्सी.च्या परीक्षेसाठी मिळालेली रजा. ती बाहेर काढा. ‘सर्वांनी केलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं, म्हणून ते कोणी वाचत नाही. रजेचं वाक्य ज्यांनी ती मंजूर केली ते वाचतील, आणि तुमच्या वर्गावर जाऊन बसलेले सहकारीसुद्धा.

सगळं मिळून पत्र असं होईल. गाळलेल्या जागा तुमच्या.

‘दि. २८ डिसेंबर २०२६
प्रति, मा. सचिव, …
मा. मुख्याध्यापक, … यांच्यामार्फत
विषय : सहशिक्षिका पदाचा राजीनामा व तीन महिन्यांची नोटीस
महोदय,
मी, …, आपल्या संस्थेच्या … या शाळेत दि. … पासून सहशिक्षिका (गणित-विज्ञान) या पदावर कार्यरत आहे. मस्कत, ओमान येथील शाळेत माझी निवड झाली असून तेथे रुजू होण्यासाठी मी सहशिक्षिका या पदाचा राजीनामा स्वेच्छेने देत आहे. दि. १ जानेवारी २०२७ ते दि. ३१ मार्च २०२७ ही तीन महिन्यांची नोटीस समजून मला दि. ३१ मार्च २०२७ रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करावे, ही विनंती.
या मुदतीत दहावीचा उरलेला अभ्यासक्रम व अंतर्गत मूल्यमापनाचे काम मी पूर्ण करीन आणि प्रयोगशाळेचा कार्यभार लेखी सोपवीन.
दहावीच्या वर्गाला शिकवण्याची संधी मला या शाळेने दिली. एम.एस्सी.च्या परीक्षांसाठी आपण रजा मंजूर केलीत आणि त्या दिवसांत सहकाऱ्यांनी माझे तास सांभाळले, त्याबद्दल मी सर्वांची आभारी आहे. या शाळेने मला शिक्षिका म्हणून घडवले, हे ऋण मी मानते.
आपली विश्वासू, …’

मोजून पाहा. राजीनामा हा शब्द विषयात एकदा आणि मजकुरात एकदा, कार्यमुक्ती एकदा, निवड एकदा, संधी एकदा, आभार एकदा, ऋण एकदा. एकही शब्द पुन्हा येण्याची तक्रार उरत नाही, कारण प्रत्येकाला वेगळं काम दिलं आहे. ‘स्वेच्छेने’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. कृतज्ञतेच्या ओळी मागणीच्या खाली आहेत, तेही मुद्दाम. वर घातल्या की वाचणारा मनात म्हणतो, लोणी लावतायत, आता काय मागणार. मधली प्रयोगशाळेची ओळ मुख्याध्यापकांसाठी आहे. परीक्षेच्या तोंडावर विज्ञानाची बाई चालली म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा येतो, तो तेवढ्या ओळीनं जरा विरघळतो.

पत्राच्या दोन प्रती करा. दोन्हींवर सही आणि तारीख. १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमातलं ७ वं कलम हेच सांगतं : एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. ही तरतूद उगाच नाही. एके काळी नोकरी देतानाच बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवणाऱ्या संस्था होत्या, आणि मला स्वतःला तरुणपणी असा कागद पुढे केला गेला होता. नावाला राजीनामा, राजी कोणीच नाही. म्हणून तारीख टाईप केलेली असली तरी सहीखाली पेनानं पुन्हा लिहा. रजिस्टर पोस्ट २०२५ च्या सप्टेंबरपासून स्पीड पोस्टात मिळवलं आहे, तेव्हा काउंटरवर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट मागा, पोचपावतीही मागा. त्याशिवाय कार्यालयात एक प्रत देऊन आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून काही होत नाही, फार तर गावभर बातमी होते.

एक शेवटचं, नावाबद्दल. सेवापुस्तकात तुमचं नाव माहेरचं आहे की सासरचं, ते लिपिकाकडून पाहून घ्या, आणि पासपोर्टशी ताडून बघा. पत्रात सेवापुस्तकातलंच नाव लिहायचं. दोन्हींत फरक असेल तर ‘पासपोर्टनुसार नाव …’ अशी ओळ सहीखाली घाला, कारण अनुभवाचा दाखला याच कागदावरून टाईप होतो, आणि मस्कतची शाळा तो पासपोर्टशेजारी ठेवून वाचेल.